बावीस ग्रॅम तेल

वाचवलेल्या कॅलरी जातात कुठे, हे मला कुणीतरी एकदा सांगावं. पैसे वाचवले तर डब्यात पडतात, पाणी वाचवलं तर टाकीत राहतं. आमच्या म्हाताऱ्यांच्या कॅलरी वाचवल्या तेव्हा त्या भिंतीवरच्या तक्त्यात गेल्या. हिरव्या रेघेचा, वर चढत जाणारा तक्ता होता. त्याच्या शेजारीच वजनाचा दुसरा कागद होता, त्याची रेघ खाली उतरत होती. दोन्ही कागद एकाच खिळ्याला लावले होते आणि येणारे पाहुणे फक्त हिरवा बघायचे.

मी त्या वृद्धाश्रमात स्वयंपाक करते. माणसं अकरा. आधी बारा होती. त्या अकरांतली एक माझी आत्या.

आत्या म्हणजे माझी आईच म्हणा, कारण आई गेली तेव्हा मी चार वर्षांची होते आणि मला उचलून नेलं ते आत्यानं. बसथांब्याच्या वळणावर तिची गाडी होती. कढई, झारा, बटाटे, बस. दुपारी चारला ती पहिला घाणा टाकायची आणि साडेसहाला कढई उतरवायची. बावीस-तेवीस वर्षं. तिच्या बटाट्याच्या कापांसाठी ड्रायव्हर बस थांबवून ठेवायचे आणि आतले प्रवासी शिव्या घालायचे, मग स्वतःच खाली उतरून रांगेत उभे राहायचे.

ती तळण शिकली कुठल्या पुस्तकातून नव्हे. आणि मलाही तिनं बोटांना चटके देऊनच शिकवलं. एक वाक्य तर मला पाठ आहे.

"कढईत आहे तोवर तो ओरडतो, पोरी. ओरडणारा काही गिळत नाही. बाहेर काढलास की गप्प होतो आणि श्वास आत ओढतो. तेलही तेव्हाच आत जातं. म्हणून काढल्या काढल्या झटक. झटक भवाने, बघत काय बसलीस!"

मला ते तेव्हा गोष्टीतल्या राक्षसासारखं वाटायचं. काप जिवंत असतो आणि श्वास घेतो म्हणे.

आता आत्याला मी कोण ते आठवत नाही. स्वतःचं नाव आठवत नाही. पण दुपारी चार वाजले की तिचा उजवा हात मांडीवरून उठायचा आणि हवेत हळूहळू गोल फिरायला लागायचा. झारा धरल्यासारखा. मनगट तेवढंच वळायचं, खांदा हलायचा नाही. तळणारी बाई अशीच हलते, खांदा हलवला तर संध्याकाळपर्यंत हात गळून पडतो.

आमच्याकडे चारचं खाणं तळलेलंच असायचं. माझी कढई बोलायला लागली की ही मंडळी एकेक करून खोल्यांतून बाहेर यायची. कुणाला हाक मारावी लागायची नाही. घड्याळ कळत नव्हतं, वार कळत नव्हता, लेकरं कळत नव्हती, पण तेलाचा आवाज कळायचा. सगळ्यांत पुढे टपालवाले आजोबा. जन्मभर टपाल वाटलं, त्यामुळे पाय तयार. खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचे आणि ताट येईपर्यंत आत्याच्या हाताकडे बघत राहायचे. ताट आलं की म्हणायचे, "बाईंनी तळलंय." मी तळलेलं असलं तरी आत्यालाच श्रेय. मला राग यायचा नाही. खोटं बोलते, थोडा यायचा.

मग नव्या डाएटवाल्या मॅडम आल्या आणि त्यांच्यामागून दोन एअर फ्रायर.

मॅडम वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर बरं झालं असतं, भांडून मोकळी झाले असते. तरुण, नीटनेटकी बाई, हातात वही, खिशात छोटा वजनकाटा. आल्या त्या दिवशीच म्हणाल्या, "ताई, तीन जणांना हृदयाचा त्रास आहे, चौघांचं वजन जास्त आहे. रोज तळण कसं चालेल?"

खरंच होतं ते. पण बारा वजा सात म्हणजे पाच. त्या पाच जणांचं काय, ते वहीत नव्हतं.

एअर फ्रायर म्हणजे काय असतं हे मी उघडून बघितलं, कारण ज्याच्यावर राग काढायचा ते आधी समजून घ्यावं लागतं. वर तापणारी कॉइल, तिच्यावर पंखा, खाली जाळीची टोपली. गरम वारा जोरात फिरतो आणि बटाट्याचं वरचं पाणी उडवतो, वरचा थर वाळला की तो तांबूस होतो. तळण नाहीच ते. छोटी भट्टी आहे आणि तिला वारा सुटलाय. तेल लागतं ते चमचाभर, तेही नुसतं चोळायला, नाहीतर काप पांढरटच राहतात. टोपली गच्च भरली की वारा फिरत नाही आणि बटाटा नुसता वाफेवर शिजतो. मधे एकदा टोपली हलवावी लागते. हे सगळं केलं की वस्तू खाण्यासारखी होते, मी नाही म्हणणार नाही. गरम असेपर्यंत कुरकुरीत. थंड झाली की चामडं.

पण आवाज नाही. नुसतं घूंऽऽ. कुणीतरी पलीकडच्या खोलीत तोंड मिटून रडतंय असं.

पहिल्या दिवशी चारला मी दोन्ही डबे लावले. चार वाजून दहा झाले, वीस झाले. कुणी आलं नाही. मी ताटं घेऊन बाहेर गेले तर अकराही जण... तेव्हा बारा होते... बाराही जण आपापल्या खोलीच्या दारात उभे होते. सगळ्यांची तोंडं स्वयंपाकघराकडे. ऐकत होते.

"चला आजोबा, खाऊन घ्या."

टपालवाल्या आजोबांनी माझ्या हातातल्या ताटाकडे बघितलं आणि म्हणाले, "अजून झालं नाही. बाईंनी टाकलंच नाही अजून."

ते दुसऱ्या महिन्यात गेले. वय झालं होतं, डॉक्टरनी तसंच लिहिलं आणि मीही तसंच म्हणते. पण गेले तेव्हा चार वाजत आले होते, ते खिडकीजवळच्या खुर्चीत होते, आणि तोंड स्वयंपाकघराकडे होतं. त्या महिन्यात तक्त्यावरची हिरवी रेघ सगळ्यांत उंच गेली.

आत्या खाईना. ताट पुढे ठेवलं की एक काप उचलायची, कानाजवळ न्यायची, ऐकायची आणि परत ठेवायची.

"का गं आत्या?"

"हे मेलेलं आहे. ओरडलंच नाही."

दर आठवड्याला अर्धा किलो. बेचाळीसची छत्तीस पॉइंट दोन झाली. मॅडमनी सरळ सांगितलं, आणि सांगताना त्यांचा आवाज जरा हलला हेही मी पाहिलं: पुढच्या सोमवारी काटा छत्तीसच्या खाली गेला तर नाकातून नळी. "मला पर्याय नाही ताई. नियम आहे."

नाकात नळी आणि ती उपटू नये म्हणून दोन्ही हात खाटेला बांधलेले. मी तसे हात पाहिलेत. हवेत गोल फिरणारा तो हात बांधून ठेवणार, ह्या विचारानं माझं डोकं फिरलं.

"मला कढई द्या," मी म्हणाले. "आत्यापुरती."

"तेल किती जातं माहितीये का तुम्हाला एका ताटात?"

"तुम्हाला माहितीये?"

"मोजू या," त्या म्हणाल्या.

आणि इथंच मी माती खाल्ली. जन्मभर ज्या गोष्टीची घमेंड केली, तिनंच मला तोंडावर पाडलं.

मंगळवारी सकाळी बसलो मोजायला. प्रत्येक ताटाला दोनशे ग्रॅम कच्चे काप, पाण्यातून काढून कोरडे पुसलेले. मॅडमनी समजावलं की तळलेल्या बटाट्याचं वजन करून उपयोग नाही, कारण पाणी वाफ होऊन जातं आणि तेल आत येतं, दोन्ही एकदम. म्हणून भांड्यातलं तेलच आधी आणि नंतर मोजायचं. कमी झालं तेवढं बटाट्यात, थोडंफार शिंतोड्यांत. ग्रॅमला नऊ कॅलरी. हुशार बाई. मला आवडलं ते.

आधी डबा. पाच ग्रॅम तेल चोळलं, एक ग्रॅम टोपलीला राहिलं. चार ग्रॅम. छत्तीस कॅलरी.

मग तवा. थोड्या तेलात परतून तळलं की तब्येतीला बरं, असं निम्मं जग समजतं. वीस ग्रॅम ओतलं, सहा उरलं. चौदा गेलं! टेकलेली बाजू करपट, बाकी फिकट, आणि उलटून पालटून होईपर्यंत काप तेलात लोळतच पडलेले. एकशे सव्वीस.

मग मॅडम म्हणाल्या, "कढईतलं आधी मी करते, घरी कुठलीही बाई करते तसं." त्यांनी तेल नीट तापू दिलं नाही, दोनशे ग्रॅम एकदम लोटले, तेल थंडावलं, बुडबुडे मलूल झाले. शेवटी झाऱ्यानं काढून तसेच ढिगानं ताटात. बावीस ग्रॅम. एकशे अठ्ठ्याण्णव कॅलरी.

"बघितलंत?" मॅडम म्हणाल्या.

"सरका," मी म्हणाले.

पावाचा तुकडा टाकला, तो तळाशी जाऊन लगेच उसळून वर आला. तेल तयार. थोडे थोडे काप सोडले. काय ओरडले! बाहेर काढले आणि त्याच क्षणी झारा तीनदा आपटला, काप कागदावर पसरले, वरून दुसरा कागद टिपला. आत्यानं शिकवलेलं सगळं, एक हालचाल चुकली नाही. कढईतलं चौदा ग्रॅम कमी झालं होतं आणि त्यातलं पाच कागदात. बटाट्यात फक्त नऊ.

"एक्याऐंशी!" मी जवळजवळ ओरडले. "तुमच्या डब्यात आणि माझ्या कढईत फक्त पंचेचाळीस कॅलरींचा फरक!"

मॅडम खरंच चकित झाल्या. म्हणाल्या, "तुम्हाला माहितीये हे का होतं? तळताना आतली वाफ बाहेर ढकलत असते, तेल आत शिरूच शकत नाही. बाहेर काढलं की वाफ आटते, आत पोकळी होते, आणि वर चिकटलेलं तेल आत ओढलं जातं. तुम्ही नेमकं त्याच्याआधी झटकता."

माझ्या अडाणी आत्याचं वाक्य ती बाई पुस्तकातून म्हणत होती.

मग त्यांनी वही मिटली. "म्हणजे वाद मिटला ना ताई. पंचेचाळीससाठी कशाला आग, कशाला किलोभर तेल? डबाच बरा."

आता बोला. तेल कमी पाजायची सवय हाडात मुरलेली, आणि ज्या बाईला तेल हवं होतं तिच्यासाठी भांडताना मी कमी तेल पाजून जिंकले. गाढवाच्या पाठीवर झूल घातली तरी गाढव ते गाढवच.

कढई मी उतरवली. त्यातलं तेल टाकायला हात होईना. थंड झाल्यावर झाकण घातलं, वर दोरी बांधली, आणि काट्यावर ठेवलं. का ठेवलं? सकाळभर मोजून मोजून हाताला खोड लागली होती. झाकण-दोरीसकट तीन किलो एकशे चाळीस. मग वरच्या फळीवर सरकवून दिली.

त्याच दिवशी दुपारी चारला मला आवाज आला.

मी ओट्याशी उभी होते. डबे अजून लावले नव्हते, गॅस बंद होता. आणि तेल तडतडलं. पहिला घाणा पडतो तेव्हाचा आवाज, एकदम मोठा, मग हळूहळू बारीक होत जाणारा. बटाट्यातलं पाणी संपत आलं की आवाज बारीक होतो, तळणाऱ्याला त्यावरूनच कळतं. चारेक मिनिटं चालला आणि थांबला. झारा आपटल्याचा आवाज मात्र आला नाही.

बाहेर आले. अकराही जण जेवणघरात येऊन बसले होते. कित्येक आठवड्यांनी पहिल्यांदा, न बोलावता. आत्याचा हात गोल फिरत होता. खिडकीजवळच्या खुर्चीत कुणी बसलं नव्हतं, पण तिच्या दोन्ही बाजूंना जागा सोडून सगळे बसले होते, माणूस बसलेला असला की सोडतात तेवढी.

देखभाल करणारी मावशी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "ताई, वास छान सुटलाय हो. मॅडमना पटवलंत वाटतं?"

बुधवारी सकाळी कढई उतरवली. दोरीची गाठ माझीच होती, मी डावरी आहे, माझी गाठ कुणाला जमत नाही. काट्यावर ठेवली.

तीन किलो एकशे अठरा.

काटा बिघडला म्हणून साखरेचं किलोचं पाकीट ठेवून बघितलं. काटा बरोबर. कढईच्या बुडाला हात फिरवला, कोरडं. फळी कोरडी. आणि थंड तेल हवेत उडून जात नाही, ते पाणी नव्हे.

बुधवारी चारला पुन्हा आवाज. गुरुवारी सकाळी तीन किलो शहाण्णव.

मी आकडे भिंतीवर कोळशानं लिहिले आणि वजाबाकी केली. बावीस. बावीस. मला तो आकडा कुठंतरी भेटलेला होता आणि कुठं ते आठवायला अंगणात बसून अर्धा तास बटाटे सोलावे लागले. मॅडमचा घाणा! न झटकलेलं ताट! कुणीतरी तळत होतं, आणि मुद्दाम झटकत नव्हतं. ज्या बाईनं आयुष्यभर मला झटक झटक म्हणून बोटं सोलवली, तिचा हात हवेत फिरत होता आणि झारा एकदाही आपटत नव्हता.

का, ते मला सोललेल्या बटाट्यासारखं लख्ख दिसलं. ज्याला पोट सुटलंय त्याच्यासाठी झटकायचं. जो वाळत चाललाय त्याच्यासाठी नाही.

म्हातारीला माझं नाव माहीत नाही, पण मला अजून शिकवत होती.

शुक्रवारी मी कढई खाली घेतली आणि गॅसवर ठेवली. मॅडम सोमवार-मंगळवारच यायच्या. बाकी दहा जणांना डब्यातलेच काप दिले, त्यात मी खोट केली नाही. त्यांतल्या सात जणांना तेच योग्य होतं आणि मी त्यांचा जीव घेणारी बाई नाही. उरलेल्या वाळक्यांतले तिघं कसंबसं दोन्ही वेळचं जेवत तरी होते. आत्या त्यांच्याही पुढे गेली होती.

दोनशे ग्रॅम काप. तेल चांगलं तापवलं, मॅडमसारखं मलूल नाही, कारण कुरकुरीत तर व्हायला हवं. काप ओरडले. बाहेर काढले. माझा हात आपोआप झारा आपटायला वर गेला, आणि दुसऱ्या हातानं मी तो धरला. खरंच सांगते, स्वतःचं मनगट स्वतः धरून उभी राहिले. काप झाऱ्यातच ढिगानं राहू दिले, तेल निथळू न देता. त्यांनी श्वास आत ओढला. ऐकू येतो तो, कान दिला तर. बारीक, चटचट, कुणीतरी ओठ मिटल्यासारखा.

ताट घेऊन वळले तर आत्या स्वयंपाकघराच्या दारात उभी. जिला एरवी दोन माणसांनी धरून न्यावं लागायचं, ती एकटी चालत आली होती.

"ओरडलं?" तिनं विचारलं.

"ओरडलं, आत्या."

तिनं काप कानाजवळ नेला, मग तोंडात घातला. सगळं ताट खाल्लं, बोटं चाटली. मी भिंतीला टेकून उभी होते आणि माझ्या डोळ्यांना धूर लागला म्हणू या.

खाऊन झाल्यावर म्हणाली, "त्यांचं राहिलं."

"कुणाचं?"

तिचा हात पुन्हा मांडीवर.

कढई गार झाल्यावर मोजली. चव्वेचाळीस ग्रॅम कमी. शिंतोडे उडाले असतील म्हणून ओटा पुसला, कागद पांढरा. शनिवारी चव्वेचाळीस, रविवारी चव्वेचाळीस. माझा हात इतका एकसारखा चालत नाही, कुणाचाच चालत नाही. तळण म्हणजे काही छापखाना नव्हे.

पण आत्या खात होती. चारचं ताट पोटात गेलं की रात्रीचा भातही दोन घास जास्त जायचा, भूक ही भुकेच्या मागे येते.

सोमवारी मॅडमनी तिला काट्यावर उभं केलं. मी मागे उभी होते, पदर मुठीत. आकडा हलला, थांबला. छत्तीस पॉइंट तीन.

"घटलं नाही!" मॅडम म्हणाल्या आणि पहिल्यांदाच हसल्या. मग त्यांनी आत्याच्या बोटांचा वास घेतला. हुशार बाई म्हणाले ना मी.

"ताई."

"हो," मी म्हणाले. "तळलं. रोज. आणि झटकलं नाही. बावीस ग्रॅम, एकशे अठ्ठ्याण्णव, तुमच्याच वहीतला आकडा आहे. तुमच्या डब्याच्या छत्तीसपेक्षा एकशे बासष्ट जास्त. तुमच्या त्या हिरव्या तक्त्यात आत्याच्या नावानं एकशे बासष्ट उणे मांडा आणि मला काढून टाकायचं तर टाका. पण आधी मला एवढं सांगा, छत्तीस किलोच्या बाईच्या कॅलरी वाचवून तुम्ही कुणाला देणार होतात?"

वही उघडून मॅडमनी अकरा नावांमधे रेघ मारली. सात एका बाजूला, चार दुसऱ्या. "हे मला पहिल्या दिवशी करायला हवं होतं," म्हणाल्या. सात जणांना डबा, चौघांना कढई, आणि तेल दर थोड्या दिवसांनी नवं. "आज माझ्यासमोर तळा. एकच ताट, आत्याबाईंचं. मला नीट नोंद हवी."

मी सांगणार होते. चव्वेचाळीसबद्दल. पण कसं सांगतात असली गोष्ट?

चार वाजता मॅडमनी स्वतः कढई मोजली, स्वतः दोनशे ग्रॅम काप मोजले. मी तळले. आत्यानं खाल्ले. तेल गार झालं आणि मॅडमनी कढई काट्यावर ठेवली. वजाबाकी केली. पुन्हा ठेवली, पुन्हा केली. ओट्यावरून बोट फिरवून बघितलं, झारा मोजला, ताट मोजलं. तिसऱ्यांदा कढई ठेवली.

"चव्वेचाळीस," त्या म्हणाल्या. "हे शक्य नाही. दोनशे ग्रॅम बटाटा इतकं पीत नाही. दोन ताटांचं तेल आहे हे."

"दोनच होती," आत्या दारातून म्हणाली. स्वच्छ, गाडीवर गिऱ्हाइकाला हिशेब सांगायची त्या आवाजात. "त्यांना नुसतंच तेल जातंय रोज. बटाटा कुणी देत नाही. लाजा नाहीत का गं तुम्हाला?"

आणि हात उचलून तिनं खिडकीजवळची खुर्ची दाखवली.

मॅडम शिकलेली बाई. ओरडल्या नाहीत, पळाल्या नाहीत. पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "उद्या दोन ताटांचे काप चिरा."

मंगळवारी मोजणीसाठी दोनच ताटं तळली, बाकी तिघांची कढई बुधवारपासून ठरली. दोन्ही न झटकता. एक आत्यापुढे ठेवलं, दुसरं खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीपुढे. अकरा जण खात होते, त्या खुर्चीकडे कुणी बघत नव्हतं, ज्याच्या त्याच्या ताटात लक्ष. मीठ पुढे सरकवताना मात्र मास्तर म्हणवणाऱ्या एका आजोबांनी मीठ त्या ताटाजवळ क्षणभर धरलं, थांबले, मग पुढे दिलं.

कढई मोजली. चव्वेचाळीस. दोन ताटं, चव्वेचाळीस. हिशेब जुळला. मॅडमनी इतका मोठा श्वास सोडला की मला हसू आलं.

"बघा," त्या म्हणाल्या, "आधी काहीतरी मोजण्यात चुकत असणार."

"असणार," मी म्हणाले.

सहा वाजता ताटं उचलायला गेलो. खिडकीजवळचं ताट तसंच भरलेलं. एकही काप हलला नव्हता. मॅडमच्या चेहऱ्यावर मला सुटका दिसली. त्यांनी एक काप उचलला आणि कोरड्या बोटांकडे बघून त्यांची भुवई वर गेली. दुसरा उचलला. मग खिशातून वहीचा कागद फाडला, मूठभर काप त्यावर ठेवले, वरून कागद दुमडला आणि तळहातानं जोरात दाबला. न झटकलेले काप होते ते. कागद आरपार दिसायला हवा होता.

उघडला. कोरा करकरीत. काप चुरगळून चपटे झाले होते, चामड्यासारखे, अगदी डब्यातून काढल्यासारखे, आणि कागदावर एक ठिपका नव्हता.

आम्ही दोघी त्या कागदाकडे बघत उभ्या राहिलो. मागे आत्या आपली बोटं चाटत होती.

"बाईंनी तळलंय," ती म्हणाली. आवाज तिचा नव्हता.